यंत्राचे वजन आणि फरशीवरचा दाब

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानासाठी विषय काय घ्यावा, हे मला शोधावे लागले नाही. तो मागच्या मासिक सभेतच मिळाला. गाळा क्रमांक तीनचे आपले सभासद बंधू भात सडण्याचे छोटे यंत्र बसवू इच्छितात. त्यांचा अर्ज वाचला गेला आणि सभेचे दोन तट पडले. एका बाजूने आवाज आला, "सोळाशे किलो? इमारत बसेल!" दुसरी बाजू म्हणाली, "आपल्या पार्किंगमध्ये रोज एवढ्याच वजनाच्या गाड्या उभ्या असतात, काय झालं?" मग एका वहिनींनी नेमका प्रश्न विचारला : "खाली मोठी लोखंडी प्लेट टाकली की झालं ना?"

माझी सारी नोकरी गिरण्यांची यंत्रे बसवण्यात गेली. घोटी म्हणजे भाताची पेठ. त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर "हो" आहे आणि "नाही"सुद्धा आहे. कुठे हो आणि कुठे नाही, तेवढेच आज सांगतो.

वजन एक, दाब दुसरा

भातलावणीच्या दिवसांत आपल्या भागात ट्रॅक्टर चिखलणी करतो, तेव्हा त्याला रुंद लोखंडी पिंजऱ्याची चाके लावतात. ट्रॅक्टरचे वजन त्याने कमी होत नाही, उलट थोडे वाढतेच. तरी तो कमी रुततो, कारण तेच वजन जास्त जागेवर पसरते. एकूण वजनाला, ते जेवढ्या जागेवर टेकले आहे त्या क्षेत्रफळाने भागायचे. जो आकडा येतो तो दाब. इंजिनिअर लोक तो न्यूटनमध्ये मोजतात, पण आपण गिरणीवाल्यांच्या भाषेत बोलू : एका चौरस सेंटिमीटरवर किती किलो.

सत्तर किलोचा माणूस दोन पायांवर उभा राहिला की त्याचे तळवे साधारण ३०० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतात. म्हणजे दाब झाला पाव किलोपेक्षा थोडा कमी. तोच माणूस लाकडी स्टुलावर चढला आणि स्टुलाचा प्रत्येक पाय तीन बाय तीन सेंटिमीटरचा असला, तर चार पायांचे क्षेत्रफळ ३६. सत्तर भागिले छत्तीस, म्हणजे जवळजवळ दोन किलो. माणूस तोच, पण फरशीवरचा दाब आठपट झाला.

आता पार्किंगमधली गाडी घ्या. गाडीचा दाब ओळखायला वजनकाटा लागत नाही, टायरमधली हवा बघा. टायर जमिनीवर एवढाच चपटा होतो, की आतल्या हवेचा दाब आणि जमिनीवरचा दाब जवळपास सारखे होतील. पेट्रोल पंपावर आपण ३२ आकडा सांगतो, तो होतो साधारण सव्वादोन किलो. म्हणजे स्टुलावर उभा असलेला माणूस आणि चारचाकी गाडी फरशीला जवळजवळ सारख्याच दाबतात! उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आला की पेव्हर ब्लॉक खचतात, त्याचे एक कारण हेच. एक तर टँकरचे वजन मोठे, त्यात अवजड गाड्यांच्या टायरमध्ये हवा सात-आठ किलोची.

सोळाशे किलो कुठून आले

आता अर्जातले यंत्र. कॅटलॉगमध्ये यंत्राचे वजन १,३०० किलो आहे. मोटर वेगळी, १५० किलो. हॉपर भरला की त्यात १५० किलो भात. मिळून १,६००. फरशीला यंत्र भरलेले आणि चालू असतानाच सोसायचे असते, म्हणून हिशोब भरलेल्या वजनाचा करायचा, कॅटलॉगच्या नाही.

यंत्राला चार पाय आहेत आणि प्रत्येक पायाचा तळ दहा बाय दहा सेंटिमीटरचा. एका पायाचे १०० चौरस सेंटिमीटर, चारांचे ४००. सोळाशे भागिले चारशे, म्हणजे चार किलो. गाडीच्या दुपटीला थोडे कमी.

पण हे झाले कागदावरचे. प्रत्यक्षात चारही पाय सारखे वजन कधीच घेत नाहीत. या यंत्राची मोटर एका बाजूला आहे. त्या बाजूच्या दोन पायांवर साठ टक्के वजन येते असे धरले, तर त्यातल्या एकेका पायावर चारशेऐवजी ४८० किलो येतात. त्यातून यंत्र फिरणारे आहे, थरथरणारे आहे. म्हणून अशा यंत्राला आम्ही आकडा निदान दीडपट धरतो. ४८० चे झाले ७२०. त्या पायाखालचा दाब झाला सव्वासात किलोच्या जवळ, म्हणजे टँकरच्या टायरएवढा.

आणखी एक गोष्ट. चार पायांची ताठ वस्तू उंचसखल जमिनीवर ठेवली की एक पाय अधांतरी राहतो. हॉटेलातले डुगडुगणारे टेबल आठवा. एक पाय उचललेला असला की त्याच्या समोरचा तिरपा पायही फारसे वजन घेत नाही. मग सगळा भार उरलेल्या दोन तिरप्या पायांवर जातो, एकेकावर आठशे किलो. टेबलाखाली आपण कागदाची घडी सरकवतो. यंत्राखालीही बोल्ट आवळण्याआधी प्रत्येक पायाखाली पातळ कागद सरकवून बघायचा. कागद आत गेला तर तो पाय काम करत नाही. तिथे पत्र्याची पॅकिंग हवी. तसेच बोल्ट आवळला तर पाय खाली ओढला जातो, फ्रेमला पीळ बसतो आणि बेअरिंग गरम होऊ लागतात.

फरशीच्या खाली काय आहे

सव्वासात किलो म्हटल्यावर फरशी चुरडेल अशी भीती वाटते. ती नको. साध्या एम-२० काँक्रीटची चुरडण्याची ताकद चौरस सेंटिमीटरला २०० किलोच्या आसपास असते. शहाबादी फरशीही चुरडून जात नाही. फरशी फुटते ती वाकून. तिच्याखाली पोकळी असली, किंवा खालचा भराव दबला, तर दगड मधोमध वाकतो आणि तडकतो. म्हणून फरशीपेक्षा फरशीखालच्या थरांकडे बघायचे.

आपल्या घोटी स्टेशनावरून मालगाड्या जातात. मालगाडीच्या एका आसावर वीस टनांहून जास्त वजन असते आणि प्रत्येक चाक रुळाला टेकते ते फक्त एका नाण्याएवढ्या जागेवर. तो दाब पोलादच सोसू जाणे. पण रूळ ते वजन स्लीपरवर पसरतो, स्लीपर खडीवर पसरतो आणि खडी मातीवर. मातीपर्यंत पोचेतो दाब इतका उतरतो, की ती गाडीला तोलून धरते. यंत्राखालीही थर हेच काम करतात.

अंदाजासाठी असे धरतात, की एकसंध थरातून वजन खाली जाताना पंचेचाळीस अंशांत बाहेर पसरते. म्हणजे थर जेवढा जाड, तेवढी जागा प्रत्येक बाजूला वाढते. आपल्या गाळ्यात फरशी अडीच सेंटिमीटरची आणि खाली पाच सेंटिमीटर मसाला, मिळून साडेसात. दहाच्या पायाची जागा खाली पोचेपर्यंत पंचवीस बाय पंचवीस होते, म्हणजे ६२५ चौरस सेंटिमीटर. ७२० किलोला ६२५ ने भागले की भरावावर सव्वा किलोच्या आतबाहेर दाब येतो.

त्याच मसाल्याखाली दहा सेंटिमीटर चांगले काँक्रीट असते, तर तीच जागा पंचेचाळीस बाय पंचेचाळीस झाली असती आणि दाब सव्वा किलोवरून एक तृतीयांश किलोवर आला असता. गाळ्यांत ते काँक्रीट नाही. मागच्या वर्षी ड्रेनेजसाठी फरशी उचलली होती, तेव्हा आपण सर्वांनीच ते पाहिले. फरशी, मसाला आणि खाली सरळ भराव.

घट्ट, न हललेला मुरूम दीड-दोन किलो दाब आरामात घेतो. भरावाचा मात्र आकडा धरतच नाहीत, कारण तो कसा भरला, किती कुटला हे कोणाला ठाऊक नसते. त्यातून आपल्याकडचा पाऊस. इगतपुरी तालुक्याच्या घाटाकडच्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. भराव भिजला की त्याची ताकद आणखी उतरते. उन्हाळ्यात बसवलेले यंत्र नीट चालते आणि श्रावणात एका अंगाला कलते, ते यामुळे.

मोठी प्लेट कुठे उपयोगी

आता वहिनींच्या प्रश्नाचा "हो" असलेला भाग. प्रत्येक पायाखाली तीस बाय तीसची लोखंडी प्लेट टाकली, तर एका पायाला १०० ऐवजी ९०० चौरस सेंटिमीटर जागा मिळेल. दाब एक नवमांश होईल, ७२० किलोला फक्त पाऊण-एक किलोच्या दरम्यान. हिशोब बरोबर आहे, पण त्याला दोन अटी आहेत.

पहिली अट जाडीची. प्लेट पायाच्या चारी बाजूंना दहा-दहा सेंटिमीटर बाहेर येते. ती तीन मिलिमीटरच्या पत्र्याची असली, तर पायाखाली दबते आणि कडा वर उचलल्या जातात. कडा वजन घेतच नाहीत. प्लेट तीसची दिसते, पण काम पंधरा-सोळाचेच करते. वाकण्याचा हिशोब जाडीच्या घनाने चालतो. जाडी चौपट केली, बारा मिलिमीटर घेतली, तर वाकणे चौसष्ट पटीने कमी होते. म्हणून प्लेटची लांबी-रुंदी विचारणाऱ्याने जाडीही विचारावी.

दुसरी अट टेकण्याची. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या फरशीवर प्लेट खरी टेकते ती तीन-चार उंचवट्यांवर, बाकी मध्ये हवा. यासाठी यंत्र पॅकिंगवर लेव्हलला उभे करतात, प्लेटखाली दोन-अडीच सेंटिमीटर फट ठेवतात आणि त्या फटीत न आकसणारा ग्राउट ओततात. साधा सिमेंटचा मसाला वाळताना आकसतो आणि प्लेटपासून सुटतो. ग्राउट एका बाजूने ओतायचा आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत थांबायचे, म्हणजे आतली हवा निघून जाते. घट्ट झाल्यावर हातोडीने प्लेटवर हलके ठोकायचे. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर खाली फट आहे.

मोठी प्लेट कुठे उपयोगी नाही

आता "नाही"चा भाग. सोसायटीच्या दृष्टीने हाच महत्त्वाचा.

गाळा क्रमांक तीनच्या मागच्या अर्ध्या भागाखाली आपली पाण्याची भूमिगत टाकी आहे. नव्या सभासदांना कदाचित माहीत नसेल. अर्जासोबतच्या नकाशात यंत्राची जागा मागच्या भिंतीशी, म्हणजे बरोबर टाकीच्या स्लॅबवर दाखवली आहे.

जमिनीवर वजन पसरवले की काम भागते, कारण खाली सगळीकडे आधार असतो. स्लॅबला आधार फक्त कडांना असतो, मध्ये पोकळी. तिथे प्लेट दहाची असो की तीसची, सोळाशे किलो शेवटी स्लॅबनेच वाकत-वाकत टाकीच्या भिंतींपर्यंत न्यायचे असतात. मोठ्या प्लेटमुळे पाय स्लॅबमधून भोक पाडून खाली जाण्याचा धोका कमी होतो, हे खरे. पण स्लॅब वाकण्याचा धोका जवळपास तेवढाच राहतो.

किरकोळ दुकानांच्या स्लॅबसाठी भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये चौरस मीटरला सुमारे ४०० किलो भार धरतात. राहत्या खोल्यांना त्याच्या निम्मा, २००. आपले यंत्र साधारण १.२ मीटर बाय एक मीटर जागा व्यापते. सोळाशे भागिले १.२, म्हणजे चौरस मीटरला १,३०० किलोहून जास्त, तेही न थरथरता. चारशेच्या तिपटीहून अधिक. एवढ्याशा जागेवरचा भार स्लॅबचा आजूबाजूचा भागही थोडा वाटून घेतो, त्यामुळे तिप्पट म्हटले की लगेच कोसळेल असे नाही. पण नकाशे आणि सळ्यांचा तपशील पाहिल्याशिवाय त्याला हो म्हणता येणार नाही. ते काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचे आहे, माझे नाही. शिवाय टाकीचा स्लॅब पंचवीस वर्षे आतून ओलावा खातो आहे. त्याच्या खालच्या बाजूला गंजाचे तांबडे डाग आहेत का, काँक्रीटचे पापुद्रे सुटले आहेत का, हे टाकी साफ करताना बॅटरी घेऊन बघायला हवे.

आणि हे फक्त यंत्र उभे राहिल्यावरचे नाही. यंत्र आत नेताना पाइपांवर घरंगळत नेतात. त्या वेळी सगळे वजन दोन-तीन पाइपांच्या बारीक रेघांवर असते. टाकीवरून नेले तर सर्वांत वाईट क्षण तोच.

मग जागा कोणती

गाळ्याचा पुढचा अर्धा भाग जमिनीवर आहे. माझी सूचना अशी की यंत्र तिथे बसवावे, पण फरशीवर नाही, त्याच्या स्वतंत्र पायावर. फरशी कापून भराव काढायचा आणि घट्ट मुरूम लागेपर्यंत खाली जायचे. तिथून १.८ मीटर बाय १.६ मीटर लांबी-रुंदीचा आणि निदान ४५ सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा ठोकळा घ्यायचा. त्याचे वजन भरते तीन टनांच्या थोडे वर, म्हणजे यंत्राच्या दुप्पट. फिरणाऱ्या यंत्राचा पाया यंत्राहून जड ठेवतात, म्हणजे थरथर त्याच्यातच जिरते.

कोणी म्हणेल, दीड टनाच्या जागी तुम्ही पावणेपाच टन केले! बरोबर. पण ते टेकले आहेत २.८८ चौरस मीटरवर. भागाकार करा : चौरस मीटरला १.६ टन, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सोळा-शतांश किलो. सुरुवातीला दोन पायांवर उभा केलेला माणूस जमिनीला पाव किलोच्या जवळ दाबत होता. म्हणजे हे यंत्र त्याच्या पायासकट मुरमाला त्या माणसापेक्षा कमी दाबेल. थरथर धरून दीडपट केले, तरी दोघे बरोबरीला येतील.

ठोकळा आपल्या कॉलमच्या फुटिंगला आणि जोत्याला चिकटू द्यायचा नाही. चारी बाजूंनी तीन-चार सेंटिमीटर फट ठेवून त्यात थर्माकोल घालायचा, नाहीतर थरथर वरच्या मजल्यावरच्या भांड्यांपर्यंत पोचेल.

कसे ओळखायचे

यंत्र सुरू झाल्यावर पहिला पावसाळा संपेपर्यंत लक्ष ठेवावे. ठोकळ्याच्या चार कोपऱ्यांवर खुणा करून महिन्यातून एकदा पाण्याच्या नळीने लेव्हल बघावी. एक कोपरा दोन-तीन मिलिमीटर खाली गेला, तर तिथला मुरूम बसतो आहे. पायाभोवती सिमेंटची बारीक भुकटी दिसली, तर ग्राउट सुटला आहे आणि पाय आपटतो आहे. बोल्ट वरचेवर सैल होत असेल, पट्टा एका अंगाला सरकत असेल, तर मिस्त्रीला बोलवण्याआधी पायाखाली कागद घालून बघावा.

कार्यकारिणीला विनंती अशी, की यापुढे जड वस्तू बसवण्याच्या प्रत्येक अर्जात चार रकाने ठेवावेत : भरलेले वजन किती, पाय किती आणि त्यांचे माप काय, जागा कोणती, आणि त्या जागेखाली काय आहे. चौथा रकाना अर्जदाराने नाही, सोसायटीने मूळ नकाशा बघून भरावा. हे गिरणीपुरते नाही. गच्चीवर हजार लिटरची नवी टाकी ठेवली तरी चौरस मीटरभर जागेवर एक टन येतो. ती स्लॅबच्या मधोमध ठेवायची नसते, खाली बीम किंवा कॉलम आहे तिथे ठेवायची असते.

गाळा तीनचे आपले बंधू समोरच बसले आहेत. पुढच्या भागात पाया घ्यायला त्यांची तयारी आहे, खर्चही ते करणार आहेत. टाकीच्या स्लॅबवर ना यंत्र, ना ते आत नेणारे पाइप, एवढी अट ठरावात लिहून घ्यावी. बाकी निर्णय सर्वसाधारण सभेचा.